३०४ च्या मंडळींना राहून गेलेलं पत्र

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सी विंगमधील एका सभासदांच्या मुलीने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी तिने ते लिहून दिले आहे.)



आत्ता आपण जी चौदा मिनिटांची फिल्म पाहिली, ती आपल्याच बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर शूट झाली, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्याच शॉटला ओळखलं. मागून कुणीतरी "अगं, हा तर यांचा ओटा!" असं ओरडलं तेही मी ऐकलं. कमिटीने मला सांगितलं होतं की फिल्म कशी केली यावर दहा मिनिटं बोल. मी तयारीला बसले आणि लक्षात आलं की ज्यांच्या घरात ती केली त्यांना मी अजून नीट आभाराचं पत्रही लिहिलेलं नाही. फिल्मच्या शेवटी 'विशेष आभार' म्हणून त्यांचं नाव येतं, पण ते तीन सेकंदांत वर निघून जातं. तेव्हा भाषणाऐवजी मी ते पत्रच वाचते. घरच्यांची परवानगी घेतली आहे. काकूंची एकच अट होती की फ्रिजचं वाचायचं असेल तर वाच, पण माळ्यावर काय काय निघालं ते वाचू नकोस.

प्रिय काका, काकू, आजी आणि धाकटी,

स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला आहे. शूटिंग एप्रिलमध्ये झालं, म्हणजे आठ महिने उशीर. कारण सांगायचं तर, पहिले तीन आठवडे मला वाटत होतं की सगळं छान पार पडलं, एक पेढ्यांचा बॉक्स दिला की झालं. आणि तीन आठवड्यांनंतर जे कळलं त्यानंतर काय लिहावं ते सुचेना.

सुरुवातीपासून सांगते. मी घरं बघत फिरत होते तेव्हा सोसायटीतली अकरा घरं पाहिली. गोष्ट एका आईची आणि घर विकायचं म्हणून आलेल्या तिच्या मुलीची होती आणि सगळं भांडण स्वयंपाकघरात होतं. मला पाहिजे होतं ते बिल्डरने दिलेलं मूळ स्वयंपाकघर. कडप्प्याचा काळा ओटा, खाली दारं नसलेले कप्पे, भिंतीला स्टीलची मांडणी. पंचवीस वर्षांत बहुतेकांनी ते काढून ट्रॉल्या आणि चिमण्या बसवल्या. तुमच्याकडे आले तेव्हा काकू, तुम्ही दारातच म्हणालात, "आमच्याकडे काय शूटिंग करणार गं, आमचं अजून काहीच करून झालेलं नाही." मी मनात म्हटलं, म्हणून तर आलेय.

पण ओट्यापेक्षा एक दुसरी गोष्ट होती, जी मी तुम्हाला तेव्हा सांगितली नाही. तुमच्या घरात हॉलच्या टोकाच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की स्वयंपाकघराच्या दारातून थेट ओटा आणि त्यावरची खिडकी दिसते. मी टेप लावून मोजलं, सतरा फूट. आपल्या घरांत शूटिंग करायचं तर खरी अडचण जागेची असते. खोली दहा बाय दहाची असेल आणि कॅमेरा खोलीतच असेल तर माणूस मावतो, पण त्याचं घर मावत नाही. मग रुंद दिसणारी लेन्स लावावी लागते, भिंती वाकड्या दिसतात आणि नाकं मोठी होतात. तुमच्याकडे कॅमेरा हॉलमध्ये आणि आई-मुलगी स्वयंपाकघरात असं करता आलं. मधली दाराची चौकट आपोआप फ्रेम झाली. आता ज्यांनी फिल्म पाहिली त्यांना ते दोघींचं लांबून दिसणारं भांडण आठवत असेल. कौतुक करणारे मला विचारतात की लांबून दाखवायचं कसं सुचलं. सुचलं वगैरे काही नाही, तुमच्या हॉलची भिंत तिथे संपत होती.

मग उजेड. पूर्वेची खिडकी. मी मार्चमध्ये तीन सकाळी येऊन बसले होते आणि तुम्ही तिन्ही दिवस मला चहा दिलात. दर पंधरा मिनिटांनी मी फोनवर एक फोटो काढत होते. ऊन सव्वासातला ओट्याच्या डाव्या कोपऱ्यावर यायचं आणि पावणेदहाला खिडकीच्या बाहेर निघून जायचं. म्हणजे सगळं दिसणारे मोठे शॉट्स त्या अडीच तासांत उरकायचे. नंतरचे जवळचे चेहऱ्याचे शॉट्स दिवसभर घेता येतात, कारण तेवढ्यापुरतं ऊन नकली करता येतं. तिसऱ्या मजल्यावर खिडकीबाहेर दिवा उभा करायला जागा नसते, पण तुमची ड्राय बाल्कनी होती. वॉशिंग मशीन सरकवून तिथे दिवा लावला आणि खिडकीला आतून बटर पेपर चिकटवला, म्हणजे उजेड मऊ होतो. संध्याकाळी पाचला घेतलेला शॉट फिल्ममध्ये सकाळी आठचा वाटतो तो असा. काका, तुम्ही वीजबिलाची चेष्टा करत होता म्हणून हिशेब देते. दोन्ही एलईडी दिवे मिळून साडेचारशे वॅट, रोज नऊ तास, म्हणजे दिवसाला चार युनिट. दोन दिवसांचे आठ. पैसे तुम्ही घेतले नाहीत ते नाहीतच.

त्या बटर पेपरवरून आठवलं. तो खिडकीला पेपर टेपने लावला होता, ते ठीक. पण हॉलमध्ये एक वायर भिंतीवरून नेताना आमच्यातल्या एकाने काळी कापडी टेप वापरली. ती जमिनीवरच्या वायरींवर लावायची असते. भिंतीला डिस्टेंपर असेल तर ती काढताना रंगाचा पापुद्रा घेऊनच येते. कॅलेंडरच्या खिळ्याजवळ तळहाताएवढा तुकडा निघाला. तिथे पुट्टी भरून मी रंग लावला, तुम्ही म्हणालात कळतही नाही. कळतं. संध्याकाळचा दिवा लावला की कळतं. मी येते तेव्हा आधी तिकडेच बघते.

आता फ्रिज.

शूटिंगमध्ये चित्र कसंही सांभाळता येतं, आवाज नाही. फिल्म पाहताना आपल्याला वाटतं की माइक फक्त बोलणं ऐकतो. माइक सगळं ऐकतो. पंखा, घड्याळाची टिकटिक, शेजारचा कुकर, लिफ्टचं दार उघडं राहिलं की होणारं ते संगीत, साडेअकराला येणारा भंगारवाला. यातलं थोडं थोडं चालतं, उलट बरं वाटतं, कारण घर घरासारखं वाटतं. पण फ्रिजचा आवाज वाईट, कारण तो मध्येच सुरू होतो आणि मध्येच थांबतो. आई बोलते तो शॉट घेताना कॉम्प्रेसर चालू, मुलगी उत्तर देते तेव्हा बंद. मग एडिटिंगला ते दोन शॉट्स एकापुढे एक लावले की आईच्या वाक्यामागे घुंऽ आणि मुलीच्या वाक्यामागे एकदम शांतता. प्रेक्षकाला कळत नाही काय झालं, पण काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. आणि बोलण्याखालचा तो घुंऽ नंतर पुसायला गेलं तर बोलणंही पातळ होतं. म्हणून शॉट घ्यायच्या आधी फ्रिज बंद करतात. जगभर करतात.

आणि तो परत चालू करायला विसरतात, हेही जगभर होतं. म्हणून त्यावर एक साधा उपाय आहे. जो फ्रिज बंद करतो त्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. फ्रिज उघडल्याशिवाय घरीच जाता येत नाही. आमच्या साउंडवाल्या मित्राला हे माहीत होतं. पहिल्या दिवशी सकाळी दहा चाळीसला त्याने मागचं बटण बंद केलं आणि खिशातून किल्ली काढली. मी म्हटलं, "अरे, तासाभराचा सीन आहे, मी ठेवते की लक्षात."

काकू, हे वाक्य माझं होतं. साउंडवाल्याचं नाही, बाकी कुणाचं नाही. ते या पत्रात लिहून ठेवते.

सीन तासाभराचा होता तो अडीच तास चालला. मग जेवण. मग आम्ही पॅसेजमध्ये गेलो, तिथला सीन साताला संपणार होता. तुम्ही चौघं त्या दिवशी वर ४०२ मध्ये बसून होतात, कारण तेरा माणसं, दिवे आणि वायरी यांच्यात तुम्हाला उभं राहायला जागा नव्हती. आजी आधी जायला तयार नव्हत्या. "मी कोपऱ्यात जप करत बसते, मला काय करायचंय," म्हणाल्या. त्यांच्या खोकल्यासाठी दोन टेक परत घेतल्यावर त्यांनाच वाईट वाटलं आणि त्या स्वतःहून वर गेल्या. त्या जाताना मला हायसं वाटलं होतं. तेही लिहून ठेवते.

पॅसेजचा सीन साताला संपला नाही. मुलगी कपाटाच्या किल्ल्या शोधते तो शॉट आठवा. तो आम्ही सोळा वेळा घेतला. शेवटचा टेक झाला आणि पॅकअप झालं तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तुम्ही खाली आलात, हसून विचारलंत, "झालं का मनासारखं?" मी हो म्हटलं. आम्ही सामान एका खोलीत लावून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आलो तेव्हा दार उघडं, रांगोळी काढलेली आणि तेरा जणांचा चहा. फक्त तो कोरा होता. तुम्ही म्हणालात, दूध फाटलं. मी म्हटलं, उन्हाळाच तसा आहे.

तीन आठवड्यांनी मी एडिटिंगला बसले. आमच्याकडे आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतात आणि नंतर चित्राशी जुळवतात. 'टाळी' म्हणतात ती पाटी त्यासाठीच आपटायची असते, पाटी मिटलेली दिसते आणि टक् ऐकू येतं ते एकावर एक ठेवायचं. त्यामुळे प्रत्येक टेकच्या आवाजात आधीची थोडी फालतू सेकंदं असतात, 'रोलिंग' म्हटल्यापासून 'अ‍ॅक्शन' म्हणेपर्यंतची. ती कुणी ऐकत नाही. मी कपाटाच्या किल्ल्यांचा तेरावा टेक जुळवत होते. फाइलवर वेळ होती आठ सत्तेचाळीस. हेडफोनमध्ये माझाच आवाज, "शांतता, रोलिंग." मग लांबून, स्वयंपाकघरातून, फ्रिजच्या दाराचं रबर सुटल्याचा आवाज. आणि मग अगदी हळू, काकू, तुमचा आवाज. "अहो, हा बंदच आहे. दिवा लागत नाहीये." काकांचं काहीतरी, ते नीट ऐकू येत नाही. मग परत तुमचा आवाज. "नको, आत्ता नको. त्यांचं चाललंय." आणि रबर परत लागल्याचा आवाज. त्यानंतर मी म्हणते, "अ‍ॅक्शन."

मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. मग बी विंगला आले. तुम्ही दोघं बाहेर गेला होतात, धाकटी घरी होती. तिला वाटलं मला माहीतच आहे, म्हणून तिने सरळ सांगितलं. आजींचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात असतं. रात्रीच्या जेवणाआधी त्यांना ते घ्यायचं असतं, आठ वाजता. पॅकअप साताला म्हणून तुम्ही तोपर्यंत काही बोलला नाहीत. पावणेनऊला मात्र थांबता येईना म्हणून चपला बाहेर काढून, आमच्या वायरी ओलांडून, टेक चालू नसताना आत आलात आणि आम्ही तेवढ्यात रोल केलं.

मी नंतर डॉक्टरांना विचारलं. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांमध्येच ठेवायची असते. वापरात असलेली खोलीच्या तापमानाला काही आठवडे चालते, पण ही खोली म्हणजे गार खोली, आपल्याकडचं एप्रिलमधलं स्वयंपाकघर नाही. बंद दाराचा फ्रिज वीज गेल्यावर साधारण चार तास थंडावा धरतो. आम्ही तो दहा तास बंद ठेवला होता, बाजूला दिवे आणि खिडक्या बंद. इन्सुलिन बिघडलं की नाही हे बाटलीकडे पाहून बऱ्याचदा कळत नाही, आणि बिघडलेलं टोचलं तर नुसती साखर वाढत राहते, लक्षात यायला वेळ लागतो. म्हणून काका, तुम्ही शहाणपणा केलात. तीनही बाटल्या बाजूला ठेवल्यात आणि रात्री नऊला स्टेशनजवळच्या केमिस्टकडे स्कूटरने गेलात. आजी साडेनऊनंतर जेवल्या. तोपर्यंत ४०२ मध्ये त्या जप करत बसल्या होत्या आणि खाली मी सोळावा टेक घेत होते.

मी त्या दिवशी धाकटीला विचारलं, "अगं, पण मला सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "आई म्हणाली, दुसरा दिवस बाकी आहे, ती घाबरली तर तिचं काम बिघडेल."

यावर मला आभाराचं वाक्य येत नाही. इंग्रजीतलंही येत नाही. मी केमिस्टच्या बिलाचे पैसे घेऊन आले ते काकांनी माझ्याच पर्समध्ये परत कोंबले.

दुसरा दिवस बरा गेला, त्याचं एक कारण आता कळतं. तुम्ही त्या दिवशी वर गेलाच नाहीत. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. मला वाटलं शूटिंग बघायची हौस. तुम्ही फ्रिजवर लक्ष ठेवून होता. आमच्या साउंडवाल्याने त्या दिवशी मला न विचारता आपली किल्ली आत ठेवली होती, आणि सीन संपल्यावर "माझी किल्ली कुठंय" म्हणून तोच फ्रिजकडे धावला. तुम्ही त्याला म्हणालात, "कोथिंबिरीच्या डब्यामागे आहे." म्हणजे तुम्ही तेही बघून ठेवलं होतं.

दोन गोष्टी हसण्यासारख्या झाल्या त्याही लिहिते, नाहीतर आजी म्हणतील रडकं पत्र लिहिलं. एक ते घड्याळ. हॉलमधलं घड्याळ टिकटिक करतं, शिवाय शॉट-शॉटला काटे पुढे गेलेले दिसतात, म्हणून त्याचा सेल काढून आम्ही ते आठ वीसवर थांबवलं होतं. पॅकअपला सेल आठवणीने घातला, पण वेळ लावली नाही. ते चालत होतं म्हणून कुणाला शंका आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी धाकटीची क्लासची बस चुकली. बंद घड्याळापेक्षा चुकीचं चालणारं वाईट, हे मला तेव्हापासून पाठ झालं आहे.

दुसरी गोष्ट शांततेची. प्रत्येक खोलीतलं काम संपलं की तिथली एक मिनिट शांतता रेकॉर्ड करावी लागते. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो आणि प्रत्येक खोलीचा वेगळा. वाक्यांमधल्या फटीत अगदी काहीच नसेल तर कानाला दडे बसल्यासारखं होतं, म्हणून त्या फटींत त्याच खोलीची शांतता भरायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभे राहिलो, तुम्ही चौघंही. साउंडवाला म्हणाला, "कुणी हलू नका, एक मिनिट." सगळे माना खाली घालून उभे. पस्तीस सेकंद झाली आणि आजींनी मला कोपराने ढोसून विचारलं, "कोण गेलं गं?" ते रेकॉर्डिंग बाद झालं. दुसऱ्यांदा घेतलेलं फिल्ममध्ये आहे. आई शेवटी ओट्यावर हात ठेवून उभी राहते ना, त्या सगळ्या वेळात मागे जे ऐकू येतं ते तुम्हा चौघांसह आम्हा सगळ्यांचं गप्प राहणं आहे.

काका, एक कामाचं. तुम्ही माझ्याकडून एकही कागद लिहून घेतला नाहीत. "आपल्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर" म्हणालात. कमिटीने घेतला, सकाळी सात ते रात्री नऊ, टेंपो गेटबाहेर, लिफ्टमधून दिवे न्यायचे नाहीत, आणि तरी मी दहा मिनिटं मोडलीच. पण पुन्हा तुमच्याकडे कुणी घर मागायला आलं, मग ती मी असले तरी, तर एक पानभर लिहून घ्या. कुठल्या खोल्या, किती माणसं, किती वाजता बाहेर. काय हलवणार, आणि हलवण्याआधी त्याचे फोटो. उशीर झाला तर काय आणि नुकसान झालं तर काय. आणि सगळ्यांत वर, घरात असं काय आहे की जे बंद करायचं नाही, हलवायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. हे विचारणं माझं काम होतं. मी तुम्हाला देव कुठे आहेत ते विचारलं होतं, कारण देवघर सगळ्यांना आठवतं. औषधं कुठे आहेत हे विचारलं नाही.

आता मी विचारते. त्यानंतर एका मैत्रिणीच्या फिल्मवर काम केलं, तिथे पहिल्या दिवशी त्या घरातल्या आजोबांना हेच विचारलं. ते म्हणाले, "फ्रिजमध्ये डोळ्यांचे थेंब आहेत." मी ते बर्फाच्या डब्यात काढून ठेवायला निघाले तर त्यांच्या सूनबाईंनी अडवलं, बर्फाला लागून ठेवायचं नसतं, गोठलं तर तेही गेलं. मग ते शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवले. म्हणजे अजून शिकतेय.

त्या आठ सत्तेचाळीसच्या फाइलचं काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं. टेक वापरला नाही. फाइल मात्र पुसली नाही. गेल्या महिन्यात काकूंना ऐकवली. त्यांनी हेडफोन लावून ऐकली आणि म्हणाल्या, "किती हळू बोलले होते मी, तरी आलंच का यात?"

सर्वांना नमस्कार. धाकटीला आशीर्वाद, तिची बारावी आहे.

तुमची,
सी विंगमधली

ता. क. काकू, तुमचा पितळी खलबत्ता अजून माझ्याकडेच आहे. एक शॉट परत घ्यावा लागला तर दिसायला तोच हवा म्हणून जुलैपर्यंत ठेवला होता, नंतर माझ्या आईने त्यात वेलदोडे कुटायला सुरुवात केली. रविवारी सकाळी आणून देते.

पत्र इथे संपलं. काकू, तुम्ही मान हलवताय ते इथून दिसतंय. माळ्याचं वाचलं नाही.